सीटचा दांडा हलेना, तेव्हा

बरीच वर्षे कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर काढली जाते. मुलगा उंच झालेला असतो किंवा सायकल दुसऱ्याला द्यायची असते, म्हणून सीट वर करायला घेतली जाते. क्लॅम्पचा बोल्ट सैल होतो, पण दांडा जागचा हलत नाही. तेल सोडून, हातोडीने ठोकून, दोघांनी मिळून ओढूनही काही फरक पडत नाही. मग सायकलच्या दुकानात हमखास एक प्रश्न येतो: ‘बोल्ट तर पूर्ण काढलाय, मग दांड्याला धरून काय ठेवलंय?’

उत्तर दांडा आणि फ्रेम यांच्या मधल्या अतिशय अरुंद फटीत आहे. तिथे काय घडले हे समजले की दांडा काढण्याच्या कोणत्या युक्त्या कामाच्या आणि कोणत्या वेळ घालवणाऱ्या, हे आपोआप कळते. या प्रकरणात सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत चिवट जोडी घेतली आहे: लोखंडी, म्हणजे स्टीलच्या फ्रेममध्ये बसवलेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट.

१. फटीत काय घडते?

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट पाणी आले, की तिथे एक छोटी विद्युत बॅटरी तयार होते. दोघांपैकी जो धातू अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन सोडतो तो झिजतो आणि दुसरा बराचसा वाचतो. ॲल्युमिनियम आणि स्टील यांच्या जोडीत झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. पावसाचे पाणी, रस्त्यावरचा चिखल आणि चालवणाऱ्याचा घाम यांतून या बॅटरीला लागणारे क्षार मिळतात. मुंबई, अलिबाग किंवा रत्नागिरीसारख्या ठिकाणी समुद्राची हवा त्यात भर घालते.

पाणी आत शिरते कुठून, याचे उत्तर सायकलच्या मागे उभे राहून पाहिले तर दिसते. क्लॅम्प आवळल्यावर नळी दाबली जावी म्हणून फ्रेमच्या तोंडाशी एक उभी चीर ठेवलेली असते. बहुतेक सायकलींत ही चीर मागच्या बाजूला असते. मडगार्ड नसेल तर मागचे चाक पावसाळ्यात पाण्याचा फवारा थेट तिच्यावर मारत राहते.

झिजलेले ॲल्युमिनियम नाहीसे होत नाही. त्याचे पांढरे हायड्रॉक्साइड बनते आणि ते मूळ धातूच्या जवळपास तिप्पट जागा घेते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, तशीच गत इथे होते. फरक एवढाच की हिवाळ्यात दार सुकून मोकळे होते आणि हा पांढरा थर सुकला की अधिकच घट्ट बसतो.

यासाठी किती ॲल्युमिनियम खर्ची पडावे लागते, त्याचा हिशेब करून पाहू. समजा, २७.२ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती प्रत्येक बाजूला ०.०५ मिलिमीटर मोकळी जागा आहे. दांड्याच्या पृष्ठभागावरचा ०.०२५ मिलिमीटरचा थर झिजला, तर त्याचा पांढरा थर होतो सुमारे ०.०७५ मिलिमीटर. झिजलेल्या धातूची ०.०२५ आणि फटीची ०.०५, अशी सगळी जागा त्याने भरून गेली. म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी झीज दांडा जाम करायला पुरते. त्यानंतरची प्रत्येक झीज फक्त दाब वाढवते.

हे संकट सायकलीपेक्षा जुने आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा तांबे शाबूत होते, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. काही ठिकाणी मात्र खिळे चांगले राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे खिळे आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेले होते. दोन धातूंच्या मध्ये आडकाठी असली की बॅटरी चालत नाही. सीटपोस्टला लावलेले ग्रीस हेच काम करते.

२. आधी चुंबक लावून पाहावा

दांडा कशाचा आणि फ्रेम कशाची, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. साधा चुंबक पुरतो. स्टीलला तो चिकटतो, ॲल्युमिनियमला, टायटॅनियमला आणि कार्बन फायबरला चिकटत नाही. फ्रेमला चिकटला आणि दांड्याला चिकटला नाही, तर ही बहुधा आपलीच जोडी.

दोन्हीकडे चुंबक चिकटला तर काम तुलनेने सोपे. जुन्या काळ्या सायकलींत दांडाही लोखंडी असतो. तिथला गंज तांबडा आणि सच्छिद्र असतो. गंज सोडवणारे पातळ तेल त्यात झिरपते आणि बऱ्याचदा एकदोन दिवसांत दांडा फिरू लागतो. फ्रेम कार्बनची असेल तर मात्र या प्रकरणातल्या जोर, उष्णता आणि रसायन यांच्या युक्त्या तिच्यावर करू नयेत. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, म्हणून त्यातही ॲल्युमिनियम तसेच झिजते. पण फायबरचे थर सुटले तर फ्रेम निकामी होते, आणि बाहेरून ते दिसेलच असे नाही.

३. तेल, आणि उलटी केलेली सायकल

दांडा अडकला की पहिला हात तेलाच्या डब्याकडे जातो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तेलाकडून फार अपेक्षा ठेवू नये. पांढरा थर घट्ट असतो आणि तेल त्याला विरघळवत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे मेकॅनिक आणि लेखक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी अडकलेल्या सीटपोस्टवरच्या उपायांची एक यादी लिहून ठेवली होती. सायकल दुरुस्त करणाऱ्यांत ती जगभर वाचली गेली. तेल लोखंडी दांड्यासाठी आणि घरगुती अमोनिया ॲल्युमिनियमसाठी, अशी वाटणी त्यांनी केली होती. अमोनिया सौम्य अल्कली आहे, त्यात हा थर फारच थोडा विरघळतो. म्हणून अनेकांना त्याचा गुण येतो आणि अनेकांना येत नाही.

तरीही तेल सोडावे, कारण दांडा एकदा हलला की पुढच्या प्रवासात त्याचा उपयोग होतो. मात्र ते फक्त वरून सोडणे अपुरे आहे. अडकलेला भाग फ्रेमच्या आत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल असू शकतो. सायकल उलटी करावी, सीटच्या नळीवरचे पाण्याच्या बाटलीचे दोन स्क्रू काढावेत आणि त्या भोकांतून तेल फवारावे. आता दांड्याचे आतले टोक वरच्या बाजूला असते आणि तेल त्याच्या कडेवर येऊन बसते. रात्रभर सायकल तशीच उलटी ठेवावी. सकाळी क्लॅम्पच्या चिरेतून तेल पाझरलेले दिसले, तर पूर्ण लांबीत कुठेतरी वाट आहे असे समजावे. ही चांगली खूण आहे.

४. गरम करावे की गार?

अडकलेला नट गरम केला की सुटतो, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून सीटच्या नळीवरही ब्लोटॉर्च धरला जातो. इथे ती सवय उलटते. तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगते. दोन्ही एकत्र तापले की आतला दांडा बाहेरच्या नळीपेक्षा जास्त फुगतो आणि पकड घट्ट होते. वर रंग जळतो तो वेगळाच.

याच गुणाचा उलटा उपयोग करता येतो. दांडा १०० अंशांनी गार केला, तर २७.२ मिलिमीटरचा व्यास सुमारे ०.०६ मिलिमीटरने कमी होतो. फ्रेमही तितकीच गार झाली तर तिचा व्यास सुमारे ०.०३ ने कमी होतो आणि निव्वळ फायदा निम्माच राहतो. म्हणून आतला दांडा झटकन गार व्हावा आणि बाहेरची नळी ऊबदार राहावी, अशी व्यवस्था करावी लागते. दांडा पोकळ असतो. त्याचे वरचे तोंड उघडे असेल तर आत ड्राय आइसचे, म्हणजे उणे ७८ अंशांच्या घन कार्बन डायऑक्साइडचे तुकडे भरतात आणि बाहेरून नळीवर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळतात. ड्राय आइस उघड्या हाताने धरू नये आणि बंद खोलीत वापरू नये.

हे आकडे छोटे आहेत. गार केल्याने दांडा आपोआप गळून पडणार नाही. आकसताना थराला बारीक तडे जातात आणि पुढच्या पायरीवर, म्हणजे पिळताना, लागणारा जोर कमी होतो. एवढेच त्याचे काम.

५. ओढण्यापेक्षा पिळणे का बरे?

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. दोन धडधाकट माणसे दांडा सरळ वर ओढू लागली, तर फार तर शंभर किलोचा जोर लागेल. पिळताना तरफ मदतीला येते.

समजा, सीट दांड्यावरच आहे आणि तिचे टोक धरून पिळले. दांड्याच्या मध्यापासून टोक साधारण १४ सेंटिमीटरवर असते, तर दांड्याची त्रिज्या १.३६ सेंटिमीटर. म्हणजे हाताचा जोर दहापट होऊन दांड्याच्या पृष्ठभागावर पोहोचतो. २० किलोचा जोर लावला तर थरावर २०० किलो. हे ओढण्यापेक्षा बरे, पण चिवट दांड्याला पुरेसे नाही, आणि त्याआधी सीटच्या खालच्या सळया वाकतात.

आता सीट काढून टाकावी. भक्कम टेबलाला बोल्टने आवळलेल्या वाइसमध्ये दांड्याचे डोके पकडावे आणि सायकल उलटी, चाके वर, अशी धरावी. पिळायची आहे ती सायकल. दांडा स्थिर राहील. एक हात पुढे हँडलच्या नळीवर, दांड्यापासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर. दुसरा मागे चाकाच्या आसापाशी, सुमारे ४० सेंटिमीटरवर. दोन्ही हातांनी प्रत्येकी २० किलो जोर लावला, तर दांड्याच्या पृष्ठभागावर जवळपास १,४०० किलोचा जोर पोहोचतो. माणूस एकच, दमही कमी, आणि ओढण्याच्या चौदापट परिणाम.

एवढ्या जोराला दोन धोके आहेत. पहिला, वाइसमधून डोके निसटणे. म्हणून डोक्याच्या सपाट बाजू पकडाव्यात. दांडा साधा गोल नळीसारखा असेल तर त्यातून आरपार भोक पाडून जाड लोखंडी सळई घालावी आणि ती पकडावी. दुसरा धोका फ्रेम वाकण्याचा. जोर आडव्या पातळीतच राहिला पाहिजे, फ्रेमला वर-खाली हिसडे देऊ नयेत. सीटच्या नळीच्या सांध्यापाशी रंगाला तडे दिसू लागले तर तिथेच थांबावे.

दांडा खरोखर हलला की फक्त पीळ खाऊन परत आला, हे हाताला कळत नाही. त्यासाठी सुरुवातीलाच फ्रेमच्या तोंडापासून दांड्यावर जाणारी एक सरळ पेन्सिलची रेघ मारावी. जोर असताना रेघ तुटते आणि जोर सोडल्यावर पुन्हा जुळते, तर धातू स्प्रिंगसारखा लवचिक पिळला गेला, थर तसाच आहे. जोर सोडल्यावरही रेघ तुटलेलीच राहिली, तर काम फत्ते होण्याच्या मार्गावर आहे. बहुधा ‘कट्’ असा कोरडा आवाजही येतो.

त्या क्षणी सगळे जोरात ओढू लागतात आणि नेमकी तिथे चूक होते. सुटलेल्या थराची पांढरी भुकटी फटीतच असते. ती कोरडी घासली गेली तर ॲल्युमिनियमला ओरखडे पाडते आणि दांडा दुसऱ्यांदा अडकतो. म्हणून तेल सोडावे, डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे फिरवावे, तोंडाशी आलेली पांढरी लापशी पुसावी, मग पुन्हा तेल. फिरवत फिरवत वर ओढत राहिले की दांडा इंचाइंचाने बाहेर येतो.

६. दांड्याचा बळी

रेघ हललीच नाही किंवा दांड्याचे डोके तुटून हातात आले, तर निर्णय घ्यावा लागतो. नवा दांडा बाजारात मिळतो, जुनी फ्रेम मिळत नाही. इथून पुढे दांडा वाचवायचा विचार सोडून द्यावा.

दांडा फ्रेमच्या वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून हॅक्सॉने कापतात. मग हॅक्सॉचे नुसते ब्लेड घ्यायचे, एका टोकाला कापड किंवा टेप गुंडाळून मूठ करायची आणि ते नळीच्या पोकळीत घालायचे. दाते अशा दिशेने ठेवावेत की ओढताना कापले जाईल. ढकलताना ब्लेड वाकते आणि मोडते. बारीक दातांत मऊ ॲल्युमिनियम भरून बसते, म्हणून इंचाला १८ दाते असलेले ब्लेड २४ दात्यांच्या ब्लेडपेक्षा सोयीचे.

आतून वरपासून खालपर्यंत एक उभी चीर पाडायची. दांड्याची भिंत साधारण अडीच मिलिमीटर जाड असते आणि तिच्या पलीकडे फ्रेमची नळी जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही पातळ. फ्रेमला ब्लेड लागू नये, ही या कामातली खरी कसोटी. ॲल्युमिनियम कापताना ब्लेड मऊ चालते आणि चकचकीत पांढरा कीस पडतो. स्टील लागताच ब्लेड घसरल्यासारखे होते, आवाज चढतो आणि कीस करडा होतो. तो कीस चुंबकाला चिकटतो, त्यामुळे शंका आली की तपासता येते. थोड्या थोड्या वेळाने टॉर्च लावून आत पाहावे. फ्रेमची स्वतःची चीर जिथे आहे तिथे नळी आधीच कमजोर असते, म्हणून त्या बाजूला कापू नये.

पहिल्या चिरेपासून सेंटिमीटरभर अंतरावर दुसरी चीर पाडली की मधली पट्टी सुटी होते. बारीक छिन्नीने ती आतल्या बाजूला उचलून पकडीने ओढून काढावी. उरलेली नळी आता पूर्ण गोल नसते. तिची कड आत दुमडली की ती व्यासाने लहान होते आणि फ्रेमपासून सुटते. बहुतेकांचे घोडे तळाशी अडते. वरचा भाग कापला जातो, पण सर्वांत खालचा सेंटिमीटर तसाच राहतो आणि अख्खी नळी धरून ठेवतो. ब्लेड दांड्याच्या खालच्या टोकाबाहेर गेल्याची खात्री झाल्याशिवाय छिन्नी हातात घेऊ नये. अर्धा दिवस तरी या कामाला द्यायची तयारी ठेवावी.

७. कॉस्टिक सोडा: शेवटचा आणि धोक्याचा

कॉस्टिक सोड्याचे पाणी ॲल्युमिनियम खाते आणि स्टीलला जवळपास हात लावत नाही. म्हणून कापण्याऐवजी दांडा विरघळवून टाकण्याचा मार्गही आहे. तो किती गंभीर आहे, हे एका हिशेबातून कळते. फ्रेममध्ये अडकलेल्या १० सेंटिमीटर दांड्यात सुमारे ५२ ग्रॅम ॲल्युमिनियम असते. ते विरघळायला किमान ७७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्यातून जवळपास ७० लिटर हायड्रोजन वायू बाहेर पडतो. सोबत इतकी उष्णता निर्माण होते की द्रावण उकळून उसळू शकते.

म्हणून हे काम उघड्या जागेत, आसपास ठिणगी किंवा ज्योत नसताना आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालूनच केले जाते. सोडा थोडा थोडा पाण्यात घालतात, सोड्यावर पाणी कधीच ओतत नाहीत. फ्रेम उलटी धरून, पॅडलचा आस आणि बेअरिंग काढून त्या बाजूने द्रावण थोडे थोडे सोडतात. त्याआधी दांड्याचे तोंड रबरी बुचाने बंद करतात आणि बाटलीचे स्क्रू परत बसवतात. जिथे जिथे गळेल तिथला रंग जाणार, हे धरूनच चालावे. शेवटी भरपूर पाण्याने धुणे आलेच. त्वचेवर किंवा डोळ्यांत थेंब गेला तर लगेच धो धो पाण्याखाली धरावे आणि डोळ्यांच्या बाबतीत तडक डॉक्टर गाठावा. घरात लहान मुले असतील किंवा रसायने हाताळायची सवय नसेल, तर हॅक्सॉच बरा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा उपाय केला तर दांड्याबरोबर फ्रेमही जाईल.

८. नवा दांडा बसवताना

रिकाम्या नळीत पांढरा आणि तांबडा थर उरलेला असतो. काठीला बारीक सँडपेपर गुंडाळून तो फिरवून काढावा आणि तेलाच्या फडक्याने पुसावा. नवा दांडा विकत घेण्याआधी जुन्यावर कोरलेला आकडा वाचावा. दांड्यांचे व्यास ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. २७.० आणि २७.२ शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एक सैल बसतो आणि दुसरा नीट.

बसवताना नळीच्या आत आणि दांड्याच्या बुडणाऱ्या भागावर ग्रीसचा पातळ, सलग थर द्यावा. दांडा कार्बनचा असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठी मिळणारी खास पेस्ट वापरावी. मागे मडगार्ड लावावे. उंचीच्या जागी दांड्यावर टेपची एक पट्टी चिकटवावी, म्हणजे दांडा काढून पुन्हा त्याच उंचीवर बसवता येतो. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा दांडा पूर्ण बाहेर काढावा, पुसावा आणि नव्याने ग्रीस लावून बसवावा. या कामाला एक ॲलन की, एक फडके आणि दहा मिनिटे लागतात.